लाइफटाइम म्हणजे किती वर्षं, ते बिलावर लिहा

ताईचे मिस्टर, म्हणजे आमचे दाजी, नारायण पेठेत फोटो स्टुडिओ चालवतात. लग्न, मुंज, बारसं, डोहाळजेवण, सगळं करतात. मी छोट्या दुकानांची आणि क्लासेसची कॉम्प्युटरची कामं बघतो, त्यामुळे घरातलं काम म्हणून त्यांचंही माझ्याकडेच असतं. २०१९ च्या दिवाळीत त्यांनी ऑनलाइन स्टोरेजचा एक लाइफटाइम प्लॅन घेतला, २ टीबी, एकदाच १६,५०० रुपये भरायचे आणि मग आयुष्यभर काही नाही. त्याच कंपनीचा तेवढ्याच जागेचा महिन्याचा प्लॅन ५५० रुपयांना होता. दाजींनी मला फोन करून विचारलं होतं, "अरे, घेऊ का? अडीच वर्षांत पैसे वसूल, पुढे सगळं फुकटच की." मी म्हटलं, "घ्या." म्हणजे या सगळ्यात माझाही हात आहे, आणि म्हणूनच हे नीट विचार करून लिहितोय.

जानेवारी २०२५ च्या शेवटी मेल आला. कंपनी दुसऱ्या कंपनीने घेतलेली आहे, जुनी सिस्टिम बंद करून सगळे नवीन प्लॅटफॉर्मवर जाणार, जुने लाइफटाइम प्लॅन नवीन प्लॅटफॉर्मवर चालणार नाहीत, ४५ दिवसांत आपला डेटा काढून घ्या, किंवा नवीन वार्षिक प्लॅन घ्या, पहिल्या वर्षी ३० टक्के सूट. दाजींनी तो मेल दोनदा वाचला आणि मला एकच विचारलं, "पण लाइफटाइम होतं ना रे?"

तर मी त्या कंपनीच्या अटी उघडून बसलो. २०१९ साली आम्ही दोघांनीही त्या वाचल्या नव्हत्या, तेही सांगून टाकतो. त्यात लिहिलेलं होतं की लाइफटाइम म्हणजे ही सेवा जोपर्यंत उपलब्ध आहे तोपर्यंतचा काळ. आणि खाली आणखी एक वाक्य होतं, कंपनीला हा करार दुसऱ्या कोणाकडेही सोपवता येईल, त्यासाठी ग्राहकाची परवानगी लागणार नाही. ही दोन वाक्यं एकत्र वाचली की कळतं आपण काय विकत घेतलं होतं ते. सेवा किती दिवस चालू ठेवायची हे कंपनी ठरवणार, आणि लाइफटाइम म्हणजे सेवा चालू असेपर्यंत. म्हणजे मुदत किती हे ज्याने पैसे घेतले तोच, पैसे घेऊन झाल्यावर, त्याला पाहिजे तेव्हा ठरवणार. दुसऱ्या कुठल्या व्यवहारात आपण हे मान्य करू का? भाड्याने फ्लॅट घेताना अकरा महिन्यांचा ॲग्रीमेंट करतो, त्यात तारखा असतात, आणि इथे "आयुष्यभर" हा शब्द आला की तारखेचा विषयच कोणी काढत नाही.

हा शब्द वेगवेगळ्या ठिकाणी वेगवेगळ्या गोष्टीच्या आयुष्याबद्दल वापरला जातो, हे पहिल्यांदा लक्षात घेतलं पाहिजे. अमेरिकेत टीव्हीचे कार्यक्रम रेकॉर्ड करणारा टिव्होचा डबा मिळायचा, त्याच्या लाइफटाइम सेवेत लाइफ डब्याचं होतं, डबा गेला की सेवा गेली. बऱ्याच सॉफ्टवेअरमध्ये ते त्या व्हर्जनचं असतं, तुम्ही नववं व्हर्जन लाइफटाइम घेतलं आणि दहावं आलं की नववं तुमच्याकडे चालू राहतं, पण नवीन विंडोजवर चाललं नाही तर ती जबाबदारी कोणाचीच नाही. आणि ऑनलाइन सेवेत बहुतेक वेळा लाइफ असतं प्रॉडक्टचं. घेणाऱ्याच्या आयुष्याबद्दल बोलणारे फार थोडे, पीक्लाउड नावाच्या स्टोरेज कंपनीने लाइफटाइमची व्याख्या ९९ वर्षं किंवा खातेदाराचं आयुष्य, यातलं जे कमी असेल ते, अशी लिहिलेली आहे. ती कंपनी ९९ वर्षं टिकेल का हा प्रश्न वेगळा, पण निदान कोणाचं आयुष्य मोजतोय हे तिथे सांगितलेलं आहे, वाद झालाच तर बोट ठेवायला एक आकडा आहे.

आता कंपनीच्या बाजूनेही बघू, कारण सगळेच फसवायला बसलेत असं मला वाटत नाही. स्टोरेजचा धंदा असा आहे की तुमच्या फाइल ठेवायचा खर्च दरवर्षी येतो. डिस्क चारपाच वर्षांत बदलाव्या लागतात, एकाच फाइलच्या दोनतीन प्रती वेगळ्या डिस्कवर ठेवाव्या लागतात, वीज, जागा, माणसं, इंटरनेटचा ट्रॅफिक, हे सगळं चालूच. आणि पैसे मात्र एकदाच आलेले. मग हे जमतं कसं, तर दोन गोष्टींवर. एक म्हणजे बहुतेक लोक घेतलेली जागा पूर्ण भरतच नाहीत, दोन टीबी घेतात आणि दीडदोनशे जीबी वापरतात, काही तर वर्षभराने लॉगिनच करत नाहीत. आणि दुसरी म्हणजे नवीन येणाऱ्या ग्राहकांच्या पैशांवर जुन्यांचा खर्च निघतो. पहिली गोष्ट ठीक आहे, जिमही त्यावरच चालते. दुसरी गोष्ट धोक्याची, कारण त्यात विक्री वाढत राहिली तरच गाडी पुढे जाते, आणि विक्री मंदावली की कंपनीच्या डोक्यावर कधीच न संपणारी देणी उरतात आणि हातात काही नसतं. दाजींच्यासारखा माणूस, ज्याने दोनपैकी १.६ टीबी खरोखर भरला, तो त्यांच्या हिशोबात सगळ्यात नको असलेला ग्राहक.

म्हणून अशा कंपनीची तब्येत बिघडते तेव्हा ती बाहेरून दिसते, बघणाऱ्याला. दाजींच्या अकाउंटमध्ये मी नंतर मागे जाऊन मेल चाळले तर सगळं तिथेच होतं. सुरुवातीला लाइफटाइमची ऑफर दिवाळीला आणि नाताळला यायची, २०२२ नंतर दर महिन्या दीड महिन्याला यायला लागली, आणि किंमत कमी कमी होत गेली. जी कंपनी आयुष्यभराची सेवा दर महिन्याला आणखी स्वस्तात विकतेय तिला आजचे पैसे आजच हवे आहेत. मग २०२३ मध्ये नवीन फीचर आलं, फोटोतले चेहरे ओळखून अल्बम करायचं, ते फक्त मासिक प्लॅनवाल्यांना. मग दाजींच्या प्लॅनच्या नावापुढे "क्लासिक" हा शब्द लागला. मग अटी बदलल्याचा मेल, त्यात महिन्याला किती डाउनलोड करता येईल यावर मर्यादा, आणि बारा महिने लॉगिन केलं नाही तर अकाउंट काढून टाकू असं कलम. प्लॅन कोणी बंद केला नव्हता, फक्त त्यातलं एकेक काढून घेत गेले. माझ्या मते बंद होण्यापेक्षा हे जास्त वेळा घडतं आणि त्याबद्दल तक्रारही कमी होते, कारण अमुक दिवशी अमुक वाईट झालं असं बोट दाखवता येत नाही.

पैशाच्या हिशोबात दाजींचं नुकसान झालं का? हे प्रामाणिकपणे बघायला पाहिजे. नोव्हेंबर २०१९ ते जानेवारी २०२५, त्रेसष्ट महिने. महिन्याचे ५५० धरले तर ३४,६५० रुपयांची सेवा त्यांनी १६,५०० मध्ये वापरली. म्हणजे फायदाच झाला. हे मी त्यांना सांगितलं तर ते म्हणाले, "अरे पण मी महिन्याच्या प्लॅनवर असतो तर सगळं एकाच जागी ठेवलं असतं का?" आणि इथे खरा मुद्दा आहे. आयुष्यभर राहणार या भरवशावर त्यांनी आपल्या जुन्या हार्डडिस्क काढून टाकल्या. गिऱ्हाइकांना पेनड्राइव्ह द्यायचं बंद केलं आणि लिंक पाठवायला लागले, "कधीही उघडा, कायमची आहे" असं स्वतःच्या तोंडाने सांगून. वर्षाच्या प्लॅनवाला माणूस दरवर्षी पैसे भरताना एकदा तरी विचार करतो, लाइफटाइमवाला करत नाही, कारण विचार करायची गरज नाही हेच त्याला विकलेलं असतं. त्यामुळे कंपनी जाते तेव्हा १६,५०० ची किंमत जात नाही, त्या भरवशावर उभं केलेलं जे काही असतं ते जातं.

ते किती, हे त्या ४५ दिवसांत कळलं. १.६ टीबी, जवळजवळ ६२ हजार फाइल. स्टुडिओत १०० एमबीपीएसची लाइन आहे, कागदावर हिशोब केला तर छत्तीस तासांत उतरायला पाहिजे. पण त्या वेळी त्यांचे सगळेच लाइफटाइमवाले एकदम डाउनलोड करत होते, सर्व्हरकडून पंचवीस-तीस एमबीपीएसच्या वर स्पीड मिळेना. त्यांचं डेस्कटॉप ॲप "क्लासिक"साठी आधीच बंद केलेलं, म्हणून ब्राउझरमधून झिप करून घ्यायचं, वीस जीबीच्या वरची झिप मध्येच तुटायची, तुटली की परत पहिल्यापासून. तपकीर गल्लीतून ४ टीबीची हार्डडिस्क आणली, रात्रभर चालू ठेवायचं आणि सकाळी कुठली झिप अर्धवट राहिली ते बघायचं. नऊ दिवस लागले.

त्यात आणखी एक. दाजी फोल्डरची नावं मराठीत देतात, आडनाव, कार्य आणि तारीख. काही झिपमध्ये ही नावं उघडल्यावर नुसती चौकटी आणि विचित्र चिन्हं झाली, म्हणजे फोटो आहेत पण कोणाच्या मुंजीचे ते आतले चेहरे बघून ओळखायचं. आणि शेवटी मी साइटवर दिसणारा फाइलचा आकडा आणि डिस्कवरचा आकडा ताडून पाहिला तर ३१४ फाइल कमी. एकूण साइज जवळपास जुळत होता म्हणून नुसता साइज बघितला असता तर कळलंही नसतं. एकेक फोल्डरचा आकडा जुळवत गेलो तेव्हा दोन फोल्डर सापडले, खूप लांब नावांचे, ते विंडोजने उघडतानाच वगळले होते. ते वेगळे उतरवले. ज्यांना असं करायची वेळ येईल त्यांनी हे नक्की करा, फोल्डरवार फाइलची संख्या मोजा आणि मगच ऑनलाइन कॉपी गेली तरी चालेल म्हणा. लिंकचं मात्र काही करता आलं नाही. पाच वर्षांत गिऱ्हाइकांना पाठवलेल्या सगळ्या लिंक ठरल्या दिवशी मेल्या. मार्चमध्ये एका काकूंचा फोन आला, त्यांचे यजमान गेले होते आणि फोटोला हार घालायला मुलीच्या लग्नातला त्यांचा फोटो हवा होता, लिंक उघडत नव्हती. दाजींनी डिस्कवरून शोधून प्रिंट काढून घरी नेऊन दिला, पैसे घेतले नाहीत.

आता कोणी म्हणेल, एवढ्या स्वस्तात घेतलं तर हे होणारच, ग्राहकाने अक्कल वापरायला पाहिजे होती. हे मला पटत नाही, आणि का पटत नाही ते सांगतो. हाच शब्द आपल्याकडे एकदा येऊन गेलाय, आणि त्या वेळी त्यावर नियम केला गेला होता.

आठवा, २००५ चा शेवट आणि २००६ ची सुरुवात. मोबाइल कंपन्यांनी ९९९ रुपयांत लाइफटाइम प्रीपेड काढलं होतं. तोपर्यंत इनकमिंग चालू ठेवायलाही दर महिन्याला कार्ड टाकावं लागायचं, आणि आता एकदा ९९९ भरले की इनकमिंग आयुष्यभर, बहुतेकांची अट एवढीच की सहा महिन्यांतून काहीतरी रिचार्ज करा. पुण्यात तेव्हा भाजीवाल्यांपासून रिक्षावाल्यांपर्यंत सगळ्यांनी फोन घेतले ते याच्यावर, मिस्ड कॉल देऊन घरच्यांशी बोलायचे. माझ्या आईचा पहिला नंबर त्यातलाच.

आणि तेव्हा प्रश्न उभा राहिला की लाइफटाइम म्हणजे काय. कारण मोबाइल कंपनीचं लायसन्सच २० वर्षांचं. ज्याला स्वतःला २० वर्षांची परवानगी आहे आणि त्यातलीही बरीच वर्षं संपलीत, तो दुसऱ्याला आयुष्यभराचं कसं काय विकतो? मार्च २००६ मध्ये ट्रायने, म्हणजे मोबाइल कंपन्यांवर देखरेख करणाऱ्या सरकारी संस्थेने, दरांबद्दलच्या आपल्या आदेशात दुरुस्ती केली. त्यात दोन गोष्टी स्पष्ट केल्या. एक, लाइफटाइम म्हणून विकलेला प्लॅन कंपनीला तिच्या लायसन्सच्या मुदतीपर्यंत द्यावाच लागेल, आणि लायसन्सचं नूतनीकरण झालं तर त्यापुढेही. आणि दुसरी, जी मला जास्त महत्त्वाची वाटते, कंपनीने ग्राहकाला आपलं सध्याचं लायसन्स कुठल्या महिन्यात आणि कुठल्या वर्षी संपतंय ते सांगायचं. बस. लाइफटाइम शब्द वापरायला बंदी नाही, किंमत किती घ्या यावर बंधन नाही, फक्त ते "आयुष्य" कोणाचं आणि त्याची आज माहीत असलेली शेवटची तारीख काय ते सांगा.

त्याने सगळं सुटलं असं अजिबात नाही. २०१६ मध्ये जिओ आलं, दर कोसळले, आणि मग एकेक कंपनी गेली किंवा विलीन झाली. रिलायन्स कम्युनिकेशन्सने २०१७ च्या शेवटी मोबाइल कॉलची सेवा बंद केली, एअरसेल २०१८ मध्ये दिवाळखोरीत गेली, टाटाचा मोबाइल व्यवसाय २०१९ मध्ये एअरटेलमध्ये गेला. आणि २०१८ च्या शेवटी ज्या मोठ्या कंपन्या उरल्या त्यांनी किमान रिचार्ज आणला, २८ दिवसांना ३५ रुपयांपासून, नाही केला तर आधी आउटगोइंग आणि मग इनकमिंग बंद. ज्यांनी लाइफटाइम म्हणून घेतलं होतं त्यांनाही तेच मेसेज. ट्रायने त्या नोव्हेंबरमध्ये कंपन्यांना सांगितलं की ग्राहकांना नीट कळवा, बॅलन्स असताना एकदम तोडू नका. पण पुढे काय झालं ते सगळ्यांना माहितीये, लाइफटाइम हा शब्दच गेला आणि आज इनकमिंगसाठीही रिचार्ज करावंच लागतं. आईला तो मेसेज आला तेव्हा ती मला म्हणाली, "आपण पैसे भरले होते ना, मग हे परत कशाचे मागतायत?" माझ्याकडे तेव्हाही उत्तर नव्हतं.

पण या सगळ्यात एक गोष्ट वाचली, नंबर. २०११ पासून देशभर नंबर पोर्ट करता येतो, त्यामुळे कंपनी बुडाली तरी लोक तोच नंबर घेऊन दुसरीकडे गेले. बँकेत, गॅसवाल्याकडे, शाळेत दिलेला नंबर बदलावा लागला नाही. प्लॅन गेला पण त्या प्लॅनवर उभं केलेलं आयुष्य गेलं नाही. दाजींच्या लिंक मेल्या आणि आईचा नंबर जिवंत राहिला यातला फरक नशिबाचा नाही, एका ठिकाणी बाहेर पडायचा रस्ता कायद्याने बांधलेला होता, दुसरीकडे नव्हता.

ऑनलाइन सेवांना आज असं काहीच नाही. आणि कंपनी विकली जाते तेव्हाची परिस्थिती तर फारच वाईट. बरेचदा कंपनी विकत घेणारा पूर्ण कंपनी घेत नाही, फक्त तिचं नाव, वेबसाइट, सॉफ्टवेअर आणि ग्राहकांची यादी एवढंच घेतो, देणी मागे ठेवतो. आणि लाइफटाइम ग्राहक हे हिशोबाच्या वहीत देणंच असतं. २०२५ मध्ये व्हीपीएनसिक्युअर नावाच्या, इंटरनेटचा वापर खाजगी ठेवणाऱ्या व्हीपीएन सेवेच्या नव्या मालकांनी जुनी लाइफटाइम अकाउंट बंद केली, आणि कारण दिलं की खरेदी करताना असे प्लॅन विकलेले आहेत हे आम्हाला सांगितलंच नव्हतं. म्हणजे नाव तेच, साइट तीच, पण शब्द देणारा वेगळा आणि शब्द पाळायला कोणीच नाही. त्याच्या आधी २०१६ मध्ये घरातले दिवे वगैरे मोबाइलवरून चालवायचं रिव्हॉल्व्ह नावाचं एक यंत्र होतं, ३०० डॉलरचं, लाइफटाइम सेवेसकट विकलेलं. गुगलच्या मालकीच्या नेस्टने ती कंपनी घेतली होती आणि मग मे २०१६ मध्ये सर्व्हर बंद केले, यंत्र घरात तसंच, पण चालेना. यात दिवाळखोरी कुठेच नव्हती, मालकाकडे भरपूर पैसा होता. त्यामुळे "मोठी कंपनी आहे, बुडणार नाही" हा भरवसाही पुरेसा नाही.

आणि कंपनी खरंच दिवाळखोरीत गेली तर? आपल्या दिवाळखोरी कायद्यात पैसे वाटपाची रांग ठरलेली आहे. आधी प्रक्रियेचा खर्च, मग कामगारांची देणी आणि तारण असलेली कर्जं, मग बाकीचे कर्मचारी, मग तारण न घेता कर्ज देणारे, सरकार, आणि ज्यांनी सेवेसाठी आगाऊ पैसे भरले ते त्यानंतरच्या गर्दीत. तिथपर्यंत सहसा काही उरत नाही. कार्डाने भरले असतील तर बँकेकडून चार्जबॅक, म्हणजे भरलेले पैसे परत, मागता येतो, पण त्याची मुदत काही महिन्यांची, फार तर दीडेक वर्षाची. लाइफटाइम प्लॅन पाचव्या वर्षी बंद झाला तर तो दरवाजा कधीच बंद झालेला असतो.

तरी कायद्यात काहीच नाही असंही नाही. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यात "अनुचित करार" ही कल्पना आली, आणि त्यात जी उदाहरणं दिलीत त्यातली दोन अगदी या विषयाची आहेत, वाजवी कारण नसताना एकतर्फी करार संपवायचा अधिकार स्वतःकडे ठेवणं, आणि ग्राहकाच्या संमतीशिवाय त्याचं नुकसान होईल अशा रीतीने करार दुसऱ्याकडे सोपवणं. दाजींच्या अटींमध्ये दोन्ही कलमं होती. तक्रार आता आपण राहतो तिथल्या ग्राहक आयोगात करता येते, कंपनी कुठली का असेना, मुदत कारण घडल्यापासून दोन वर्षं. पण अनुचित कराराची तक्रार जिल्हा आयोगात चालत नाही, राज्य आयोगाकडे जावं लागतं. शिवाय धंद्यासाठी घेतलं म्हणून तुम्ही ग्राहकच नाही असं समोरचा म्हणणार, त्यावर स्वतःच्या उपजीविकेसाठी स्वतः काम करणाऱ्याला सूट आहे हे सिद्ध करा. आणि कंपनी परदेशातली असेल तर निकाल हातात घेऊन वसुली कोणाकडून करणार? १६,५०० साठी स्टुडिओ बंद ठेवून हे कोण करेल. दाजींनी नाही केलं, आणि मी त्यांना करा असं म्हटलंही नाही.

म्हणून माझं म्हणणं असं आहे की ग्राहकाला भांडायला लावण्याआधी विकतानाच काही गोष्टी सक्तीच्या करा, जशा २००६ मध्ये केल्या. ज्याला लाइफटाइम हा शब्द वापरायचाय त्याने किंमतीच्या शेजारी, त्याच अक्षरात, कोणाचं लाइफ ते लिहावं आणि किमान किती वर्षांची हमी देतोय तो आकडा लिहावा. पाच लिहा, सात लिहा, पंधरा लिहा, पण आकडा लिहा. त्याने परताव्याचा प्रश्नही सुटतो, कारण आज कोणी लाइफटाइम प्लॅन मध्येच बंद केला तर किती पैसे परत द्यायचे हे मोजताच येत नाही, आयुष्यातली किती वर्षं झाली आणि किती राहिली हे कसं धरणार? दहा वर्षांची हमी लिहिली असती तर दाजींची पाच वर्षं तीन महिने वापरून झाली, चार वर्षं नऊ महिन्यांचे, म्हणजे १६,५०० पैकी साधारण ७,८०० रुपये परत, साधा त्रैराशिकाचा हिशोब. आणि विकत घेणाऱ्यालाही कळेल की आपण कंपनीबरोबर किती देणं घेतोय, सांगितलंच नव्हतं म्हणायला जागा राहणार नाही.

दुसरं, बाहेर पडायचा रस्ता. ४५ दिवस कमी आहेत, निदान सहा महिने पाहिजेत, आणि त्या काळात डाउनलोडवरची मर्यादा उठवायला पाहिजे, ज्या ॲपने फाइल चढवल्या त्याच ॲपने उतरवता आल्या पाहिजेत, आणि जुन्या लिंक तेवढे दिवस तरी नवीन पत्त्यावर पोचवल्या पाहिजेत. यात तांत्रिकदृष्ट्या अवघड काही नाही, मी रोज ही कामं करतो म्हणून सांगतोय.

यावर एक आक्षेप येईल, आणि तो खरा आहे, की असे नियम केले तर लहान कंपन्या लाइफटाइम प्लॅन देणंच बंद करतील. नवीन कंपनीला सुरुवातीला भांडवल लागतं, बँक देत नाही, मग असे प्लॅन विकून ती पैसे उभे करते, आणि त्यातून चांगली सॉफ्टवेअरं आलेली मी बघितलीत. मान्य. पण मग ते भांडवल आहे हे सांगा ना. तुम्ही आम्हाला आज पैसे द्या, आम्ही तीन वर्षं नक्की देऊ, टिकलो तर पुढेही देऊ, असं म्हणून विकलं तर मी स्वतः घेईन, आणि बुडालं तर तक्रार करणार नाही. जोखीम माझी आहे हे मला माहीत असेल. तीच जोखीम "आयुष्यभर निश्चिंत" म्हणून विकणं, यालाच माझा विरोध आहे.

गेल्या महिन्यात दाजींना अल्बम डिझाइनच्या सॉफ्टवेअरची ऑफर आली, लाइफटाइम ९,००० किंवा वर्षाला ३,६००. या वेळी आम्ही कंपनीला मेल केला आणि तीन गोष्टी विचारल्या, लाइफटाइम कोणाचं, पुढचं व्हर्जन आलं तर काय, आणि तुमचा सर्व्हर बंद पडला तर हे कॉम्प्युटरवर उघडेल का. चार दिवसांनी उत्तर आलं, लाइफटाइम सध्याच्या व्हर्जनचं, पुढचं वेगळं घ्यावं लागेल, आणि सर्व्हरशिवाय तीस दिवस चालेल, मग एकदा ऑनलाइन तपासणी लागते. सरळ उत्तर दिलं म्हणून दाजींनी घेतलं. ९,००० भागिले ३,६००, अडीच वर्षं. बिलाची प्रिंट काढून त्यावर त्यांनी पेनाने अडीच वर्षांनंतरची तारीख लिहिली, आणि ते बिल काउंटरच्या काचेखाली ठेवलंय. तयार झालेला प्रत्येक अल्बम ते आता पीडीएफ करून त्या तपकीर गल्लीतल्या डिस्कवर टाकतात, आणि त्याची दुसरी कॉपी माझ्या घरच्या कपाटात असते.